दोन दिवसांचा स्पाइक आणि पन्नास किलोचा कट्टा

चिखली तालुक्यातलं उंद्री हे सोयाबीनच्या पट्ट्यातलं गाव. समजा, तिथे हमीभावाने सोयाबीन घेणारं एक केंद्र आहे आणि पुण्यातली पाच जणांची एक टीम त्या केंद्रासाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. शेतकऱ्याची नोंदणी झाली, ओलाव्याची नोंद झाली, पावतीही छापून यायला लागली. आता यादीत पुढची मागणी आहे ती अशी: केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला काट्यावरचं वजन हाताने न लिहिता थेट पावतीवर हवं, म्हणजे आकडा उतरवताना चूक होणार नाही. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक अडथळा काट्याला लॅपटॉप जोडायला बसलेल्या माणसाला भेटणाराच आहे.

मागणी रास्त आहे. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, म्हणजे किलोला सव्वात्रेपन्न रुपयांच्या जरा वर. काट्यावर 50.60 दिसलं आणि घाईत 56.00 लिहिलं गेलं, तर एका कट्ट्यामागे जवळपास 288 रुपयांचा फरक पडतो. दिवसभरात शेकडो कट्टे उचलले जातात, तेव्हा अशी चूक कुणाच्या तरी खिशात शिरते किंवा कुणाच्या तरी खिशातून जाते.

अशी एका वाक्यात मांडलेली, वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली मागणी म्हणजे स्टोरी. टीमने ती अंदाजाला घेतली. अंदाज तासांत नाही, पॉइंटमध्ये. आधी केलेलं एखादं काम माप म्हणून धरायचं आणि नवं काम त्याच्या किती पट वाटतं ते सांगायचं. या टीमने पावती छापण्याची स्टोरी 3 पॉइंटची धरली होती. आता पाचही जणांनी आपापलं कार्ड पालथं ठेवलं आणि एकदम उघडलं. या पद्धतीला प्लॅनिंग पोकर म्हणतात आणि ती जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली. कार्डं निघाली 3, 5, 13, 20 आणि एक प्रश्नचिन्ह.

इथे बऱ्याच टीम एक चूक करतात. मधला आकडा धरतात, आठ लिहितात आणि पुढे जातात. पण 3 आणि 20 यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मतभेदाचं नाही. तीनवाला समजतोय की काट्याच्या मागे वायर लावली की आकडा येतो. वीसवाल्याने पूर्वी एका कारखान्यात हेच काम केलंय आणि त्याला ठाऊक आहे की काही काटे बाहेर काही देतच नाहीत. प्रश्नचिन्हवालीने काटा जवळून पाहिलेला नाही आणि तिने तसं सरळ सांगितलं. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्याकडे माहिती वेगळी आहे आणि ती माहिती चर्चा वाढवून मिळणार नाही. ती काट्यापाशी गेल्यावरच मिळेल.

अशा वेळी स्टोरी बाजूला ठेवून आधी स्पाइक करायचा. ही कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आली. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या जोडीने ती रूढ केली. अडलेल्या जागी कनिंगहॅम बेक यांना विचारत की आपण बरोबर वाटेवर आहोत याची खात्री पटवेल असा सगळ्यात साधा प्रोग्राम कोणता. तो लिहायचा, उत्तर मिळालं की थांबायचं. स्पाइक म्हणजे काम अर्धं करून ठेवणं नव्हे. स्पाइकमधून बाहेर येतं ते ज्ञान, आणि ते इतकंच हवं की पाचही जणांची कार्डं पुढच्या वेळी जवळजवळ पडावीत.

म्हणून स्पाइकच्या कार्डावर पहिल्यांदा काय लिहिलंय ते बघावं. ‘काटा जोडणीचा अभ्यास’ असं लिहिलं असेल तर तो स्पाइक फसणार हे तिथेच कळतं, कारण अभ्यास कधी संपला हे कुणालाच सांगता येत नाही. उंद्रीच्या कार्डावर तीन प्रश्न होते. केंद्रावरचा हा काटा वजन बाहेर देतो का, आणि देत असेल तर कोणत्या स्वरूपात? आकडा हलत असतानाचं वजन आणि स्थिर झालेलं वजन यांतला फरक प्रोग्रामला कळतो का? मध्येच वीज गेली किंवा वायर निघाली तर प्रोग्रामला ते समजतं का? त्याखाली मुदत: दोन जण, दोन दिवस. आणि त्याखाली काय करायचं नाही तेही लिहिलेलं: पावतीला हात लावायचा नाही, डेटाबेसमध्ये काही साठवायचं नाही, स्क्रीन बनवायची नाही.

मुदतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाकीचे नियम सगळे पाळतात आणि मोडतात तो हाच. शेतात बोअर घेताना शहाणा शेतकरी गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवतो की तीनशे फुटांपर्यंत पाणी लागलं नाही तर थांबायचं. तीनशेवर पोचल्यावर मात्र माती जरा ओलसर वाटते आणि ‘अजून वीस फूट’ असं तोंडून जातं. पुढचे शंभर फूट असेच विसा-विसाने जातात. स्पाइकमध्येही नेमकं हेच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर अगदी हाताशी आलंय असं वाटतं. तेव्हा मुदत आपोआप पुढे सरकू द्यायची नाही. दोन दिवस संपले की टीमने एकत्र बसायचं, जेवढं कळलं तेवढं मांडायचं आणि आणखी एक दिवस लावणं परवडतं का हे सगळ्यांनी नव्याने ठरवायचं. परवडत असेल तर तो नवा स्पाइक, नव्या आणि आणखी नेमक्या प्रश्नासह. दोन माणसं आहेत म्हणून पहिल्या दिवशी दुपारी एकमेकांना पाच मिनिटं विचारणंही कामाला येतं: तीनपैकी कोणत्या प्रश्नाला अजून हातच लागलेला नाही?

आता काट्यापाशी जाऊ. ऑफिसातल्या टेबलावर दुसरा काटा आणून जोडून बघण्याचा मोह होतो, कारण उंद्रीला जायचं म्हणजे दिवस प्रवासात जातो. तो मोह टाळलेला बरा. ज्या काट्यावर कट्टे चढणार आहेत त्याचंच उत्तर हवंय. आणि जायचं ते शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, केंद्र चालू असताना. बंद हंगामात काटा मिळतो, पण त्यावर कट्टा टाकणारे हमाल मिळत नाहीत, आणि ते का लागतात ते पुढे येईलच.

प्लॅटफॉर्म काट्याला एक आकडे दाखवणारा डबा असतो. त्याच्या मागे बऱ्याचदा नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं. कधी तिथे नुसतं भोक असून वर प्लॅस्टिकची टोपी असते, कारण काही कंपन्या ही सोय जादा पैसे घेऊन देतात. डबा उघडून आतून वायर काढावी असं वाटलं तरी तिकडे हात घालायचा नाही. त्यावर वैधमापन विभागाचं सील असतं आणि ते तुटलं की तो काटा व्यवहाराला चालत नाही. ही मर्यादा तांत्रिक नाही, पण स्टोरीच्या अंदाजावर तिचा परिणाम कोणत्याही तांत्रिक गोष्टीएवढाच होतो.

या काट्याला पोर्ट निघालं. सिरियल ते यूएसबी कन्व्हर्टर लावला, लॅपटॉपवर COM3 दिसलं आणि पायथॉनच्या pyserial या लायब्ररीतून एवढंच लिहिलं:

```python
import serial
s = serial.Serial("COM3", 9600, timeout=2)
for _ in range(20):
    print(repr(s.readline()))
```

पहिल्यांदा पडद्यावर निरर्थक चिन्हं आली. हे बिघाडाचं लक्षण नाही, वेग जुळत नसल्याचं आहे. काटा एका वेगाने बोलतो आणि लॅपटॉप दुसऱ्या वेगाने ऐकतो. 9600 च्या जागी 4800, मग 2400 टाकून पाहिलं आणि 2400 ला ओळी वाचता आल्या:

```
b'US,GS,+   31.40kg\r\n'
b'US,GS,+   47.85kg\r\n'
b'ST,GS,+   50.60kg\r\n'
b'ST,GS,+   50.60kg\r\n'
```

`repr` मुद्दाम वापरलंय. ओळीच्या शेवटी असलेली, एरवी न दिसणारी चिन्हं आणि आकड्याआधीची मोकळी जागा त्यामुळे दिसते, आणि पुढे आकडा वेगळा काढताना त्याच जागा नडतात. सुरुवातीची दोन अक्षरं सगळ्यात मोलाची. US म्हणजे वजन अजून हलतंय, ST म्हणजे स्थिर झालंय. GS म्हणजे बारदानासह एकूण वजन. सगळेच काटे असं देत नाहीत. काही नुसता आकडा पाठवतात आणि स्थिर झाला की नाही ते प्रोग्रामने स्वतः ओळखायचं असतं. तसं निघालं असतं तर अंदाज वेगळा झाला असता.

दोन प्रश्न पहिल्या दिवशीच सुटल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी ते दोघे काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले, खरेदी चालू ठेवायला सांगितली आणि येणारी प्रत्येक ओळ वेळेसकट एका फायलीत उतरवत राहिले. तेव्हा ST वर पूर्ण भरवसा ठेवता येणार नाही हे उघड झालं. काटा रिकामा असला तरी ST येतं, आकडा 0.00. कट्टा टाकून हमालाने त्यावर क्षणभर हात टेकला की तेवढ्यापुरतं वजन स्थिर दिसतं, पण ते खरं नसतं. आणि तोच कट्टा काट्यावर असताना ST च्या ओळी येतच राहतात. म्हणजे स्थिर आकडा आला की आपोआप नोंद करायची असं ठरवलं तर एक कट्टा चार वेळा मोजला जाईल, शिवाय एखादा हातासकट. पुण्यात बसून पाच तास चर्चा केली असती तरी हमालाचा हात कुणाच्या डोक्यात आला नसता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वायरी काढून पाहिल्यावर मिळालं. काट्याकडून येणारी वायर काढली, किंवा काटाच बंद केला, तर `readline` दोन सेकंद वाट पाहतं आणि रिकामं `b''` परत देतं. चूक म्हणून काही येत नाही, नुसती शांतता. लॅपटॉपमधून कन्व्हर्टर उपटला तर मात्र `SerialException` येतं. तो दुसऱ्या यूएसबी खाचेत लावल्यावर नंबर COM3 चा COM5 झाला. म्हणजे शांतता आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोर्टचा नंबर प्रोग्राममध्ये कायमचा लिहून ठेवता येणार नाही.

एवढं झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी हातात जवळजवळ चालणारा प्रोग्राम असतो, आणि त्यालाच जरा सारखं करून पुढे वापरावं असं वाटतं. माझं मत इथे ठाम आहे: तो टाकून द्यावा. त्यात चुकीच्या वाटा आहेत, तपासण्या नाहीत आणि तो घाईत शिकण्यासाठी लिहिला होता. जे कोड पुढे ठेवायच्या इराद्याने, सगळे थर जोडत पण बारीक लिहितात, त्याला अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी 1999 च्या आपल्या पुस्तकात ट्रेसर असं वेगळं नाव दिलं. दोन्हींना जागा आहे, पण एकाच दोन दिवसांत दोन्ही मागू नयेत. ठेवायची ती ओळींची फाईल. तिच्यात त्या काट्याचं खरं वागणं साठलेलं आहे. तीच पुन्हा प्रोग्रामला खाऊ घातली की पुण्यात बसून काट्याशिवाय तपासणी करता येते.

निष्कर्षांसाठी एक पान पुरतं. पण ते त्याच संध्याकाळी लिहिलं पाहिजे. आठवडाभराने 2400 की 4800 हे दोघांपैकी कुणालाही नक्की आठवणार नाही. पानावर प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आणि ते कसं कळलं हे यावं. ‘स्थिर वजन ओळखता येतं’ एवढं लिहून भागत नाही. ‘ओळीच्या सुरुवातीला ST येतं, पण रिकाम्या काट्यावर आणि कट्ट्यावर हात टेकलेला असतानाही येतं, फाईलमध्ये पाहा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यावर काम करता येतं. त्यानंतर निर्णय: नोंद आपोआप होणार नाही, कर्मचारी बटण दाबेल. आणि कारण. निर्णय, त्यामागची परिस्थिती आणि परिणाम असं थोडक्यात लिहून कोडशेजारीच ठेवण्याची पद्धत मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये मांडली. ती इथे चपखल बसते. पानाच्या शेवटी जे पाहिलंच नाही त्याची नोंद हवी. उंद्रीच्या पानावर ती अशी होती: दुसऱ्या कंपनीचा काटा पाहिला नाही, धुळीत आणि दिवसभर चालल्यावर कन्व्हर्टर टिकतो का ते पाहिलं नाही. निष्कर्षांपेक्षाही या दोन ओळी पुढे जास्त वेळा उघडल्या जातात.

आता या पानाच्या स्टोऱ्या करायच्या. इथे टीमचा हात सवयीने ‘सिरियल मॉड्यूल लिहा’, ‘ओळ फोडणारं फंक्शन लिहा’ अशी कामं लिहायला जातो. अशा कामांचा अंदाज लावता येतो, पण त्यांतलं एकटं काम संपलं तरी केंद्रावरच्या माणसाला काहीच मिळत नाही, आणि मध्येच थांबावं लागलं तर हाती शून्य राहतं. त्याऐवजी स्पाइकमधल्या प्रत्येक शोधाला विचारावं की यामुळे काट्याजवळच्या माणसासाठी काय बदलतं.

तसं विचारल्यावर मूळ एक स्टोरी चारांत फुटली. पहिली: बटण दाबल्यावर त्या क्षणाचं स्थिर वजन पावतीवर यावं. तिच्या अटी पानावरून जशाच्या तशा उतरल्या: ओळ US ची असेल किंवा आकडा शून्य असेल तर बटण दबत नाही. दुसरी: काटा शून्यावर येईपर्यंत पुढची नोंद होऊ नये, म्हणजे एक कट्टा दोनदा मोजला जाणार नाही. तिसरी: काट्याकडून काही सेकंद काहीच आलं नाही तर तसं पडद्यावर दिसावं आणि वजन हाताने टाकता यावं, पण पावतीवर ते हाताने टाकल्याची खूण उमटावी. खरेदी वायरीसाठी थांबू शकत नाही म्हणून ही स्टोरी आली. चौथी: कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला तर कर्मचाऱ्याला कुणाला फोन न करता यादीतून पोर्ट निवडता यावं.

कार्डं पुन्हा उघडली. पहिल्या स्टोरीला चार जणांचे 5 आणि एकाचे 3. दोन मिनिटं बोलून 5 ठरले. दुसरी 3, तिसरी 3, चौथी 2. बेरीज 13 झाली, पण बेरजेपेक्षा कार्डांमधलं अंतर बघावं. 3 ते 20 एवढं पसरलेलं आता 3 ते 5 मध्ये आलं, आणि प्रश्नचिन्ह कुणी टाकलं नाही. स्पाइक जमला की नाही हे ओळखायची माझी खूण हीच आहे. अहवाल कितीही जाड असला आणि कार्डं अजून पसरलेलीच असली तर तो जमलेला नाही. शिवाय चार तुकडे झाल्यामुळे निवड करता आली. हंगाम तोंडावर असेल तर पहिल्या तीन आधी घेऊन चौथी मागे ठेवता येते. एकसंध वीस पॉइंटांच्या स्टोरीत अशी निवड करताच आली नसती.

पाचवी स्टोरीही लिहिली गेली: दुसऱ्या कंपनीचा काटाही चालावा. तिला आकडा दिला नाही. न पाहिलेला काटा 3 चा की 13 चा हे सांगणं म्हणजे पुन्हा पहिल्याच जागी येणं. ती यादीत खाली राहिली, आणि वर येईल तेव्हा तिच्याआधी एका दिवसाचा स्पाइक येईल.

स्पाइकला स्वतःला पॉइंट द्यावेत का, यावर वाद चालतो. मोठ्या संस्थांसाठी रचलेल्या सेफ या पद्धतीत स्पाइकचाही अंदाज लावतात. लहान टीमने ते करू नये असं मला वाटतं. पॉइंटवरून टीम दर स्प्रिंटमध्ये वापरण्याजोगं किती काम हातावेगळं करते हे कळतं. त्यात शिकण्याचे दिवस मिसळले की तो आकडा फुगतो आणि पुढचं वेळापत्रक फसतं. त्यापेक्षा त्या स्प्रिंटमधून दोन जणांचे दोन दिवस सरळ वजा करावेत आणि तेवढं काम कमी घ्यावं. आणि शक्य असेल तर स्पाइक एका स्प्रिंटमध्ये आणि त्यातून निघालेल्या स्टोऱ्या पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्याव्यात, नाहीतर उत्तर यायच्या आधीच त्या स्टोऱ्यांचं आश्वासन देऊन बसलेलो असतो.

कधी अडलेला प्रश्न यंत्राचा नसतोच. केंद्रावर प्रत्येक कट्टा वेगळा तोलतात की चार-पाच एकदम, बारदानाचं वजन कधी वजा होतं, ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला तर माल काट्यापर्यंत येतो का, या प्रश्नांना कोड लिहून उत्तर मिळत नाही. तिथे स्पाइक म्हणजे वही घेऊन सकाळी काट्याजवळ बसणं. मुदत, प्रश्न आणि एक पान मात्र तिथेही तसंच लागतं.

आणि उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. काट्याला पोर्टच नसतं आणि सील तोडता येत नसतं, तर हा स्पाइक पहिल्या दिवशी दुपारीच संपला असता. दोन दिवस ठरले म्हणून दोन दिवस बसायचं कारण नाही. तेव्हा स्टोऱ्या वेगळ्या निघतात: वजन दोनदा टाकायला लावणं आणि दोन्ही जुळले तरच पुढे जाणं, किंवा 50 किलोच्या कट्ट्याच्या नेहमीच्या पल्ल्याबाहेरचा आकडा आला तर अडवून विचारणं. 50.60 च्या जागी लिहिलेले 56.00 या दोन्हींत बहुतेक वेळा पकडले जातात, आणि दोन्हींचे अंदाज पावतीच्या स्टोरीशेजारी ठेवून लगेच लावता येतात. दोन कंपन्यांच्या काट्यांचे दर मागवून केंद्र चालवणाऱ्यांपुढे ठेवणं हा तिसरा पर्याय. त्याला पॉइंट लागत नाहीत, एक फोन लागतो.